धर्मविषयक प्रबंधाचा उपसंहार : योगदान, मर्यादा आणि पुढील संशोधन यांविषयी वारंवार विचारले जाणारे प्रश्न

गोव्यातील धर्मजीवनावर मराठीतून पीएचडीचा प्रबंध लिहिणारे विद्यार्थी शेवटच्या प्रकरणाशी पोहोचले की जे प्रश्न पुन्हा पुन्हा विचारतात, त्यांची उत्तरे येथे दिली आहेत. उत्तरे हवेत राहू नयेत म्हणून एकच उदाहरण सर्वत्र वापरले आहे. शिरगावची श्री लईराई देवी आणि म्हापशाच्या चर्चमधील मिलाग्रिस सायबीण, म्हणजे मारिया माता, या सख्ख्या बहिणी आहेत, अशी गोव्यात श्रद्धा आहे. या श्रद्धेवर कोणी प्रबंध लिहिला आहे, असे समजू. देवता, गावे, सण आणि त्यांच्या तारखा खऱ्या आहेत. प्रबंधातील मुलाखती, त्यांची संख्या आणि त्यांतून काढलेले निष्कर्ष मात्र लेखनाची पद्धत दाखवण्यासाठी रचलेले आहेत, हे वाचकांनी लक्षात ठेवावे.

उपसंहार लिहायला घेण्यापूर्वी कोणती तयारी करावी?

प्रत्येक प्रकरण पुन्हा वाचावे आणि एका कागदावर तीन गोष्टी शेजारी शेजारी लिहाव्यात: या प्रकरणाने काय म्हटले, ते कोणत्या पुराव्यावर म्हटले, आणि तो पुरावा काय सांगू शकत नाही. पुराव्यासमोर पृष्ठक्रमांक अवश्य द्यावा, कारण ज्या विधानासमोर पृष्ठक्रमांक लिहिता येत नाही ते विधान बहुधा संशोधकाच्या मनात तयार झालेले असते, प्रबंधात नव्हे. पहिल्या रकान्यातून योगदान निघते, तिसऱ्यातून मर्यादा निघतात आणि ज्या मर्यादा निष्कर्षाला खरोखर अडवतात त्यांतून पुढील संशोधनाचे प्रश्न निघतात. उपसंहाराचे हे तिन्ही भाग एकाच कागदावरून आले तर ते एकमेकांशी बोलतात. वेगवेगळ्या वेळी वेगवेगळ्या मनःस्थितीत लिहिले तर योगदानात जे सिद्ध झाल्याचे सांगितले, तेच दोन पानांनंतर मर्यादांमध्ये अनिश्चित ठरते आणि परीक्षकाचे बोट नेमके तेथे पडते.

या कागदाशेजारी पहिल्या प्रकरणातील संशोधनप्रश्न ठेवावेत. धर्माच्या क्षेत्रकार्यात प्रश्न बदलणे अगदी स्वाभाविक आहे. आपल्या उदाहरणातील आराखड्यात प्रश्न असा होता : «मिराबाई या देवीचे मिलाग्रिस सायबिणीत रूपांतर कसे झाले?» प्रत्यक्ष काम झाले ते मात्र आजचे भाविक हे नाते कसे सांगतात आणि कसे पाळतात, याविषयी. पहिला प्रश्न इतिहासाचा आहे आणि त्याला सोळाव्या-सतराव्या शतकांतील कागद लागतात. दुसरा प्रश्न आजच्या आचाराचा आहे आणि त्याला मुलाखती व निरीक्षणे पुरतात. हा बदल उपसंहाराच्या पहिल्याच पानावर, कारणासह, स्पष्टपणे नोंदवावा. तो लपवला तर संपूर्ण उपसंहार पहिल्या प्रश्नाचे उत्तर दिल्याचा आव आणत राहतो.

सारांश आणि उपसंहार वेगळे कसे?

सारांश प्रकरणांच्या क्रमाने चालतो, उपसंहार प्रश्नांच्या क्रमाने. «दुसऱ्या प्रकरणात देवीच्या कथांचा परामर्श घेतला, तिसऱ्या प्रकरणात जत्रेचे वर्णन केले» ही वाक्ये फार तर अर्धे पान घेऊ द्यावीत. त्यानंतर एकेका प्रश्नाला निरनिराळ्या प्रकरणांतून मिळून काय उत्तर मिळाले, हे सांगावे.

योगदान नेमके कसे मांडावे?

प्रथम एक कच्चा परिच्छेद पाहू. असे परिच्छेद आपल्याकडच्या प्रबंधांत फार आढळतात :

«प्रस्तुत प्रबंधामुळे गोव्यातील धार्मिक सलोख्यावर नवा प्रकाश पडला असून हिंदू-ख्रिस्ती समन्वयाची प्राचीन परंपरा सिद्ध झाली आहे. अभ्यासकांना व सर्वसामान्य वाचकांना हा प्रबंध उपयुक्त ठरेल.»

या परिच्छेदातील एकही शब्द लईराईशी किंवा मिलाग्रिसशी बांधलेला नाही, आणि त्यामुळे तो दुसऱ्या कोणत्याही प्रबंधात जसाच्या तसा चिकटवता येतो. शिवाय त्यात तीन मोठे दावे आहेत. सलोखा आहे, तो समन्वयातून आला आहे आणि तो प्राचीन आहे. चाळीस मुलाखती आणि दोन वर्षांची निरीक्षणे यांपैकी एकही दावा पेलू शकत नाहीत. आता हाच परिच्छेद पुराव्याजवळ आणून लिहू :

«म्हापसा व शिरगाव येथे २०२४ आणि २०२५ या वर्षी केलेल्या क्षेत्रकार्यात चाळीस निवेदकांच्या मुलाखती घेतल्या. हिंदू निवेदकांनी दोन देवतांमधले बहिणीचे नाते सात बहिणींच्या कथेच्या आधारे सांगितले. ख्रिस्ती निवेदकांपैकी बहुतेकांना ती कथा माहीत होती, परंतु त्यांनी ती 'हिंदू असे सांगतात' अशा प्रकारे दुसऱ्याची म्हणून सांगितली. सायबिणीला केलेला नवस, तो फेडण्याची रीत आणि त्यासाठी वाहिले जाणारे तेल व मेणबत्त्या यांविषयी मात्र दोन्ही समाजांतील निवेदकांची भाषा जवळजवळ सारखी होती. त्यावरून या दोन सणांमध्ये जे सामायिक आहे ते कथेपेक्षा नवसाच्या आचारात अधिक आढळते, असे या प्रबंधाचे प्रतिपादन आहे.»

येथे वाचकाला कोठे, केव्हा, किती आणि काय हे कळते, आणि शेवटच्या वाक्यात संशोधकाचे स्वतःचे म्हणणे येते. हे म्हणणे कोणी खोडूनही काढू शकेल. ज्याला कोणी विरोध करू शकत नाही असे विधान योगदान म्हणून मांडण्यात काही अर्थ नसतो, असे माझे ठाम मत आहे.

यानंतर हे म्हणणे आधीच्या अभ्यासाशेजारी ठेवावे लागते. गोव्यातील हिंदू आणि ख्रिस्ती भाविकांच्या सामायिक भक्तीवर रॉबर्ट न्यूमन आणि अलेक्झांडर हेन यांच्यासारख्या अभ्यासकांनी विस्ताराने लिहिले आहे. त्यामुळे «दोन्ही समाज एका देवतेला मानतात» हा शोध आपला म्हणून सांगता येणार नाही. आपले योगदान त्यापुढच्या पायरीवर आहे : सामायिकतेचे थर वेगळे करून, कथेच्या थरावर अंतर आणि आचाराच्या थरावर जवळीक आहे, हे दाखवणे. उपसंहारात साधारण एक पान या तुलनेसाठी द्यावे. पूर्वसूरींचे काय स्वीकारले, कोठे भर घातली आणि कोठे मतभेद आहे, हे त्या पानावर नावानिशी यावे. संशोधन-आढाव्याचे संपूर्ण प्रकरण तेथे पुन्हा उतरवण्याची गरज नाही.

«या विषयावरील हे पहिलेच संशोधन आहे» असे लिहावे का?

पोर्तुगीज, इंग्रजी, कोकणी आणि मराठी या चारही भाषांतील लेखन पाहिले असेल तरच लिहावे, आणि तेव्हाही «पाहण्यात आलेल्या साहित्यात» अशी मर्यादा घालून. पहिलेपणा हे योगदान नव्हे. एखाद्या विषयावर कोणी लिहिले नसेल, तर तो विषय का महत्त्वाचा आहे, हे सांगण्याची जबाबदारी उलट वाढते.

समन्वय, सलोखा, सातत्य यांसारखे मोठे निष्कर्ष काढता येतात का?

हा प्रश्न गोव्यातील जवळजवळ प्रत्येक धर्मविषयक प्रबंधात उभा राहतो, म्हणून त्याला थोडे सविस्तर उत्तर देतो.

सात बहिणींच्या कथेत मुळगावची केळबाय, मयेची महामाया, मोरजीची मोरजाई, शिरगावची लईराई आणि म्हापशाची मिराबाई अशी नावे येतात. उरलेली नावे सांगणाऱ्यागणिक बदलतात. भाऊ खेतोबा. यांतली मिराबाई म्हणजेच पुढे मिलाग्रिस सायबीण झाली, असे कथा सांगते. ही कथा आज सांगितली जाते, एवढे मुलाखतींवरून सिद्ध होते. सोळाव्या शतकात म्हापशाला मिराबाईचे देऊळ होते, ते मोडले गेले, त्याच जागी चर्च उभे राहिले आणि भक्तांनी जुनी देवी नव्या रूपात जपली, हे मात्र मुलाखतींवरून सिद्ध होत नाही. ही चार वेगवेगळी ऐतिहासिक विधाने आहेत आणि प्रत्येकाला स्वतंत्र पुरावा हवा.

आता ठाऊक असलेला इतिहास या कथेशेजारी ठेवून पाहावा. बार्देश १५४३ मध्ये पोर्तुगीजांच्या ताब्यात गेला आणि तेथील धर्मप्रसाराचे काम फ्रान्सिस्कनांकडे आले. मिलाग्रिस सायबिणीचे चर्च, म्हणजे म्हापशाचे संत जेरोमचे चर्च, १५९४ चे. शिरगाव डिचोली तालुक्यात येते आणि हा भाग नव्या काबिजादीतला, म्हणजे तो अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात पोर्तुगीज राज्यात आला. याचा अर्थ असा की, चर्च उभे राहिल्यापासून सुमारे दोन शतके ही दोन ठिकाणे दोन वेगळ्या राजवटींत होती. बहिणींमधली भेटवस्तूंची देवाणघेवाण, म्हणजे शिरगावहून तेल येते आणि म्हापशाहून फुले जातात अशी जी परंपरा सांगितली जाते, ती या काळात सीमा ओलांडून चालू होती की दोन्ही भाग एका राज्यात आल्यानंतर सुरू झाली? आपल्या प्रबंधापाशी याचे उत्तर नाही. तेव्हा उपसंहारात «प्राचीन काळापासून अखंड चालत आलेली» हे शब्द लिहिण्याचा अधिकारही नाही. «निवेदकांच्या मते ही परंपरा प्राचीन आहे, तिच्या आरंभाचा काळ या प्रबंधातील साधनांवरून ठरवता येत नाही» हे वाक्य लांब असले तरी खरे आहे.

काही विद्यार्थी अशा वेळी इन्क्विझिशनच्या १७३६ च्या फर्मानाचा आधार घेतात. त्या फर्मानाने ख्रिस्ती झालेल्या लोकांनी पाळू नयेत अशा अनेक हिंदू रीतींवर बंदी घातली. बंदी घातली म्हणजे त्या रीती चालू होत्या, असा तर्क केला जातो, आणि तो चुकीचा नाही. परंतु बंदीवरून एवढेच कळते की त्या रीती चालू आहेत असे अधिकाऱ्यांना वाटत होते. किती लोक, कोणत्या गावांत आणि कोणत्या भावनेने त्या पाळत होते, हे फर्मान सांगत नाही. मिलाग्रिसच्या फेस्ताविषयीचा निष्कर्ष तर त्यावरून अजिबात काढता येत नाही. असा दस्तऐवज उपसंहारात पार्श्वभूमी म्हणून यावा, पुरावा म्हणून येऊ नये.

सलोख्याविषयीही हेच. फेस्ताच्या दिवशी दोन समाजांचे लोक एका रांगेत उभे राहतात, हे निरीक्षण आहे. त्यावरून वर्षाच्या उरलेल्या दिवसांत त्यांचे संबंध कसे असतात, हे सांगता येत नाही. तसे सांगायचे असेल तर बाजार, शाळा, शेजार आणि कोमुनिदादचे व्यवहार यांचा अभ्यास प्रबंधात असायला हवा होता. तो नसेल तर सलोखा हा निष्कर्ष म्हणून न लिहिणे हेच त्या समाजांशी प्रामाणिकपणे वागणे होय. गोव्याविषयीचे प्रेम आपल्याला येथे घाई करायला लावते, आणि ते मी समजू शकतो, पण प्रबंधाने आपल्या आवडीच्या निष्कर्षाला इतर निष्कर्षांहून कमी पुराव्यावर सोडू नये.

भक्तांची श्रद्धा खरी की खोटी, यावर उपसंहारात भूमिका घ्यावी का?

धर्माचा अभ्यास आणि धर्मोपदेश यांतली रेषा शेवटच्या प्रकरणात सर्वांत जास्त पुसट होते, कारण तेथे संशोधक स्वतःच्या आवाजात बोलू लागतो. लईराईच्या जत्रेत व्रतस्थ धोंड रात्रीच्या शेवटी निखाऱ्यांवरून चालत जातात. «देवीच्या कृपेने धोंडांचे पाय भाजत नाहीत» हे वाक्य उपसंहारात कर्त्याविना आले, तर ते संशोधकाचे विधान ठरते. «हा केवळ अंधविश्वास असून त्यामागे साधे भौतिक कारण आहे» हेही संशोधकाचे विधान ठरते, आणि निखाऱ्यांची उष्णता, चालण्याचा वेग किंवा पायांची स्थिती यांचा अभ्यास प्रबंधात कोठेच केलेला नसल्यामुळे दोन्ही विधाने सारखीच निराधार आहेत. «पाय न भाजणे ही व्रत नीट पाळल्याची खूण आहे, असे मुलाखत दिलेल्या धोंडांनी सांगितले, भाजल्यास त्याचे कारण ते व्रतातील उणिवेत शोधतात» हे वाक्य मात्र अभ्यासाचे आहे. त्यातून व्रत आणि देह यांच्या नात्याविषयी एक निष्कर्ष निघतो आणि तो भक्तालाही मान्य होतो, अभक्तालाही.

तपासण्याचा सोपा उपाय असा आहे की, उपसंहारातील प्रत्येक क्रियापदाचा कर्ता शोधावा. «मानले जाते», «म्हटले जाते», «आढळते» या रूपांमागे कोण आहे, हे वाचकाला कळले नाही तर तेथे निवेदक, ग्रंथ किंवा संशोधक यांपैकी एकाचे नाव घालावे. मराठीच्या कर्मणी रचनेत हा कर्ता सहज हरवतो.

मर्यादा कशा लिहाव्यात? त्या लिहिल्याने प्रबंध कमकुवत दिसत नाही का?

आधी व्याप्ती आणि मर्यादा यांत फरक करावा. मुळगाव, मये आणि मोरजी येथील बहिणींच्या देवळांचा अभ्यास करायचा नाही, हे आपण आरंभीच ठरवले होते. ती व्याप्ती झाली आणि ती पहिल्या प्रकरणात सांगून झालेली आहे. मर्यादा म्हणजे जे करायचे होते, किंवा जे करायला हवे होते, पण साधनांनी, काळाने किंवा परिस्थितीने होऊ दिले नाही ते. «वेळेअभावी व आर्थिक अडचणींमुळे सर्व बाबींचा अभ्यास करता आला नाही» हे वाक्य मर्यादा सांगत नाही, कारण त्याने कोणत्या निष्कर्षावर काय परिणाम झाला, हे वाचकाला कळत नाही. प्रत्येक मर्यादा एखाद्या निष्कर्षाला बांधून लिहावी. बांधता येत नसेल तर ती वगळावी.

आपल्या उदाहरणात सर्वांत मोठी मर्यादा काळाची आहे. मिलाग्रिसचे फेस्त ईस्टरनंतरच्या तिसऱ्या सोमवारी येते आणि लईराईची जत्रा वैशाख शुद्ध पंचमीला. दोन्ही तिथी चंद्राशी जोडलेल्या असल्या तरी गणना वेगळी आहे, त्यामुळे त्यांतले अंतर दरवर्षी बदलते. २०२४ मध्ये फेस्त १५ एप्रिलला झाले आणि जत्रा १२ मे रोजी, म्हणजे मध्ये जवळजवळ चार आठवडे गेले. २०२५ मध्ये जत्रेची मुख्य रात्र २ मेची आणि फेस्त ५ मेला, म्हणजे अंतर अवघ्या तीन दिवसांचे, आणि क्रमही उलटा. दोन्ही सणांना जाणाऱ्या भाविकांचा अनुभव या दोन वर्षांत सारखा असण्याची शक्यता कमी आहे. त्यातच ३ मे २०२५ च्या पहाटे शिरगावच्या जत्रेत चेंगराचेंगरी होऊन भाविकांचे मृत्यू झाले. त्यानंतरच्या दिवसांत घेतलेल्या मुलाखतींवर या दुःखाची छाया असणारच.

हे उपसंहारात असे लिहिता येईल : «निरीक्षण केलेल्या दोन वर्षांपैकी २०२५ हे वर्ष अपवादात्मक होते. त्या वर्षी दोन सण तीन दिवसांच्या अंतराने आले आणि जत्रेतील दुर्घटनेनंतर अनेक निवेदकांनी देवीच्या रोषाविषयी व व्रतातील उणिवांविषयी जे सांगितले ते २०२४ मधील मुलाखतींत आढळत नाही. त्यामुळे नवसासंबंधीचा निष्कर्ष दोन्ही वर्षांच्या मुलाखतींवर आधारलेला असला, तरी देवीच्या रोषासंबंधीची चर्चा केवळ २०२५ च्या संदर्भातच वाचावी.» या परिच्छेदाने प्रबंध कमकुवत झाला नाही. उलट कोणता निष्कर्ष दोन्ही वर्षांवर उभा आहे आणि कोणता एकाच वर्षावर, हे वाचकाला समजले.

दुसरी मर्यादा निवेदकांची. समजा, चाळीसपैकी एकतीस पुरुष आणि नऊ स्त्रिया होत्या. नवस बोलणे आणि फेडणे हा आपल्या मुख्य निष्कर्षाचा गाभा असेल, आणि घरातील नवस पुष्कळदा स्त्रियाच लक्षात ठेवतात असे त्याच मुलाखतींत पुरुष निवेदकांनी सांगितले असेल, तर ही तफावत थेट मुख्य निष्कर्षाला भिडते. ती पहिल्या पानावर यायला हवी, शेवटच्या ओळीत नव्हे. मुलाखती कोकणीत झाल्या आणि प्रबंध मराठीत लिहिला, हेही एका वाक्यात नोंदवावे आणि मूळ कोकणी उतारे परिशिष्टात दिले असल्यास तसा निर्देश करावा.

संशोधक स्वतः त्या देवतेचा भक्त किंवा त्या गावचा असेल तर?

ते लपवू नये आणि त्याचा निबंधही करू नये. संशोधक शिरगावचा असल्यामुळे महाजनांशी आणि धोंडांशी बोलणे सोपे गेले, पण म्हापशाच्या ख्रिस्ती निवेदकांनी बहिणीच्या नात्याविषयीची नापसंती त्याच्यासमोर सौम्य करून सांगितली असू शकते. मागे सांगितलेला «हिंदू असे सांगतात» हा आविष्कार कदाचित त्याच्यासमोरचा सभ्यपणा असेल. म्हापशाच्याच एखाद्या ख्रिस्ती अभ्यासकाने हेच विचारले असते तर उत्तर वेगळे आले असते का, हा प्रश्न उपसंहारात तीन-चार वाक्यांत यावा, कारण तोही मुख्य निष्कर्षाशीच जोडलेला आहे.

निवेदकांनी सांगू नका असे सांगितलेली माहिती मर्यादांमध्ये कशी नोंदवावी?

देवस्थानातील काही विधी, कौल घेण्याचे तपशील किंवा मानापानाचे वाद पुष्कळदा विश्वासाने सांगितले जातात. «काही विधींचे तपशील संबंधितांच्या विनंतीवरून दिलेले नाहीत, प्रबंधातील कोणताही निष्कर्ष त्यांवर आधारलेला नाही» एवढे लिहावे. दुसरा अर्धा भाग खरा नसेल, म्हणजे निष्कर्ष त्या गुप्त माहितीवरच उभा असेल, तर तो निष्कर्षच काढून टाकावा लागतो. छोट्या गावात नाव न दिले तरी मानकरी कोण, हे सर्वांना कळते, याचेही भान ठेवावे.

पुढील संशोधनाच्या दिशा किती आणि कशा सुचवाव्यात?

दोन किंवा तीन पुरेत. «सात बहिणींच्या सर्व देवळांचा तौलनिक अभ्यास व्हावा», «गोव्यातील सर्व फेस्तांचा अभ्यास व्हावा» अशी वीस विषयांची यादी ही दिशा नव्हे. दिशेमध्ये प्रश्न, साधने आणि ती साधने वापरण्यासाठी लागणारी तयारी या तिन्ही गोष्टी सांगितल्या, तर दुसरा विद्यार्थी ती वाचून उद्या कामाला लागू शकतो.

आपल्या प्रबंधातून निघणारी पहिली दिशा इतिहासाची. तेल आणि फुले यांची देवाणघेवाण लिखित साधनांत सर्वप्रथम केव्हा दिसते? यासाठी पणजीच्या पुराभिलेखागारातील बार्देशच्या कोमुनिदादची दप्तरे, चर्चकडील खर्चाच्या व फेस्ताच्या नोंदी आणि बार्देशमध्ये काम केलेल्या फ्रान्सिस्कनांचे लेखन पाहावे लागेल. पोर्तुगीज भाषा आणि तिचे जुने हस्ताक्षर वाचण्याचे प्रशिक्षण ही पूर्वअट आहे, आणि ते स्पष्ट सांगितले पाहिजे, नाहीतर विद्यार्थी पहिल्या वर्षी विषय घेतात आणि दुसऱ्या वर्षी सोडतात. काहीच नोंद सापडली नाही तर त्याचा अर्थ कसा लावावा, हेही सुचवावे. चर्चच्या हिशेबात देवळाकडून आलेले तेल नोंदवले जाण्याची शक्यता किती होती, याचा विचार केल्याशिवाय नोंद नाही म्हणून प्रथा नव्हती, असे म्हणता येणार नाही.

दुसरी दिशा नवसाची आणि स्त्रियांची. वर सांगितलेली तफावत भरून काढण्यासाठी म्हापसा व डिचोली परिसरातील घरांत, शक्यतो स्त्री संशोधकाने, एकाच कुटुंबातील दोन-तीन पिढ्यांच्या नवसांच्या आठवणी गोळा कराव्यात. मुख्य निष्कर्ष टिकतो की कोसळतो, हे या अभ्यासावरून ठरेल, आणि उपसंहारात तसे मोकळेपणाने म्हणावे.

तिसरी दिशा पंचांगाची. सण जवळ आल्यावर आणि दूर गेल्यावर दोन्हीकडे जाणाऱ्या भाविकांचे वागणे बदलते का, हे पाहायला किमान पाच-सहा वर्षांचे सलग निरीक्षण लागेल. एका पीएचडीत ते बसत नाही. ते एखाद्या विभागाने हाती घेण्याचे काम आहे, असे सांगून थांबावे.

उपसंहार किती पानांचा असावा? त्यात नवे उतारे देता येतात का?

अडीचशे-तीनशे पानांच्या प्रबंधाला साधारण पंधरा-वीस पाने पुरतात. विद्यापीठाचा किंवा विभागाचा काही नियम असेल तर तो आधी पाहावा. मुलाखतींतला नवा उतारा किंवा नवा दस्तऐवज येथे प्रथमच आणू नये. तो महत्त्वाचा असेल तर योग्य त्या प्रकरणात जाऊन घालावा आणि त्या प्रकरणाचे विवेचन त्याप्रमाणे दुरुस्त करावे.

मौखिक परीक्षेत उपसंहारावर सर्वाधिक कोणता प्रश्न येतो?

«तुमचा निष्कर्ष दुसरीकडे लागू होतो का?» गोव्यात हा प्रश्न बहुतेक वेळा कुंकळ्ळी-फातर्प्याचे नाव घेऊन येतो. कुंकळ्ळीची शांतादुर्गा सोळाव्या शतकात फातर्प्याला गेली आणि सत्रेओच्या वेळी ती छत्र्यांच्या मिरवणुकीने आपल्या जुन्या गावी येते. बारा वांगडांच्या छत्र्यांच्या या उत्सवाशी हिंदू आणि ख्रिस्ती अशा दोन्ही समाजांतील घराणी जोडलेली आहेत. मग तेथेही कथेपेक्षा आचारातच सामायिकता आहे, असे म्हणता येईल का?

याचे उत्तर उपसंहारात आधीच लिहून ठेवावे. लागू होते किंवा होत नाही, असे एका शब्दात न सांगता कोणत्या अटींवर लागू होईल, हे सांगावे. लईराई आणि मिलाग्रिस यांच्यामध्ये दोन देवता, दोन गावे आणि दोन स्वतंत्र धर्मसंस्था आहेत, आणि भाविक त्यांच्यामध्ये ये-जा करतो. कुंकळ्ळीला देवी एक आहे, आणि तिच्याशी असलेले नाते वांगडाच्या जन्मसिद्ध मानातून येते. नवस कोणीही बोलू शकतो, मान मात्र घराण्याचाच असतो. म्हणून सामायिकता जेथे वैयक्तिक नवसावर उभी आहे तेथे आपला निष्कर्ष तपासून पाहण्याजोगा आहे, आणि जेथे ती गावकीच्या हक्कांवर उभी आहे तेथे तो लागू पडेल असे मानण्याला या प्रबंधात आधार नाही. परीक्षकाने यावर «मग फोंडा तालुक्यात स्थलांतरित झालेल्या देवळांचे काय?» असे विचारले, तर मंगेशी, म्हार्दोळ किंवा कवळे येथील महाजनकीची रचना वेगळी असल्यामुळे त्याच कसोटीने पुन्हा पाहावे लागेल, एवढे सांगून प्रबंधाच्या पुराव्यापाशी परत यावे.